ब्रिटन सोडलं, पण टॅक्सने सोडलं का? दिवस आणि दुव्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशात राहायला जाणाऱ्या लोकांचे टॅक्स रिटर्न भरायचं काम मी बरीच वर्षं करतोय, आणि ब्रिटन सोडणाऱ्यांकडून तेच तेच प्रश्न येतात म्हणून ते सगळे इथे एकत्र लिहितोय. ब्रिटनच निवडलंय कारण तिथला नियम दिवस आणि दुवे, म्हणजे घर-कुटुंबासारखे तिथे मागे राहिलेले धागे, दोन्ही एकत्र तोलतो, आणि तो एकदा नीट कळला की बाकीच्या देशांचे नियम वाचताना नेमकं काय शोधायचं हे आपोआप कळतं. खाली एका बाईंची केस पूर्ण सोडवून दाखवलीय, आकडे तिच्याच अंगाने बघा म्हणजे डोक्यात राहतील.

१८३ दिवसांपेक्षा कमी राहिलो की मी नॉन-रेसिडेंट, बरोबर ना?

नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की मी पहिल्याच फोनवर तो खोडून काढतो, कारण लोक याच्याच भरवशावर तिकिटं काढतात आणि दोन वर्षांनी नोटीस आली की रडायची पाळी येते.

१८३ ही फक्त वरची भिंत आहे. टॅक्स वर्षात ब्रिटनमध्ये १८३ किंवा जास्त दिवस काढले तर तुम्ही रेसिडेंट, म्हणजे टॅक्सच्या दृष्टीने तिथलेच रहिवासी, मग तिथे दुसरं कुठलंही कारण चालत नाही. पण १८३ च्या खाली आलात म्हणून सुटलात असं कुठेच लिहिलेलं नाही. जो माणूस आत्ताच देश सोडून गेलाय तो अगदी १६ दिवस राहूनसुद्धा रेसिडेंट ठरू शकतो, हे वाक्य मी मुद्दाम दोनदा वाचायला सांगतो. १६ आणि १८३ च्या मधल्या पट्ट्यात किती दिवस चालतील हे तुम्ही मागे काय काय ठेवून गेलात त्यावर ठरतं.

आणि वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर नाही हं, ब्रिटनचं टॅक्स वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं आणि पुढच्या ५ एप्रिलला संपतं. कॅलेंडर वर्षाने दिवस मोजून आणलेल्या एक्सेल शीट मी किती परत पाठवल्यात त्याला गणती नाही.

मग नियम नक्की कसा चालतो?

६ एप्रिल २०१३ पासून तिथे कायद्यात लिहिलेली रेसिडेन्सी टेस्ट आहे. त्याआधी सगळं कोर्टाच्या जुन्या निकालांवर आणि तुमच्या हेतूवर चालायचं, आता बऱ्यापैकी मोजता येतं. तीन पायऱ्या आहेत आणि त्या याच क्रमाने चढायच्या.

पहिली पायरी म्हणजे तुम्ही आपोआप नॉन-रेसिडेंट ठरता का. मागच्या ३ टॅक्स वर्षांपैकी एका तरी वर्षी तुम्ही रेसिडेंट होतात तर या वर्षी १६ पेक्षा कमी दिवस असायला हवेत. तिन्ही वर्षं नॉन-रेसिडेंट होतात तर ४६ पेक्षा कमी चालतात. किंवा मग परदेशात फुल टाइम काम, ज्यावर पुढे वेगळा प्रश्न घेतलाय.

तिथे सुटला नाहीत तर दुसरी पायरी, आपोआप रेसिडेंट ठरता का. १८३ दिवस झाले का, तुमचं एकमेव घर ब्रिटनमध्येच होतं का, किंवा फुल टाइम काम ब्रिटनमध्ये होतं का. परदेशात जाऊन तिथे घर घेतलेला आणि त्या घरात खरंच राहणारा माणूस सहसा यात अडकत नाही.

दोन्हीकडे निकाल लागला नाही तर तिसरी पायरी, दुवे मोजायचे. बहुतेकांचं भवितव्य इथेच ठरतं.

हे दुवे कुठले?

पाच आहेत. पहिला कुटुंबाचा: नवरा, बायको किंवा तसं सोबत राहणारा जोडीदार, किंवा १८ वर्षांखालचं मूल त्या वर्षी ब्रिटनचं रेसिडेंट असेल तर दुवा धरला जातो. जोडीदारापासून खरोखर वेगळे झाला असाल तर तो दुवा नाही, आणि फक्त मुलामुळे दुवा लागत असेल तर वर्षभरात त्याला ब्रिटनमध्ये ६१ पेक्षा कमी दिवस भेटलात तर तोही सुटतो.

दुसरा राहण्याच्या जागेचा. ब्रिटनमध्ये एखादी जागा त्या वर्षात सलग ९१ दिवस तुमच्यासाठी उपलब्ध होती आणि तिथे तुम्ही एक रात्र जरी काढलीत तरी दुवा लागला. जागा तुमच्या मालकीची असलीच पाहिजे असं काही नाही! आईवडील, भावंडं, सज्ञान मुलं अशा जवळच्या नातेवाईकाचं घर असेल तर मात्र १६ रात्री झाल्या तरच दुवा लागतो. आणि सलग म्हणजे मध्ये थोडा खंड पडला तरी सलगच, उपलब्धता १६ दिवसांपेक्षा कमी काळ तुटली तर ती तुटली असं धरतच नाहीत, त्यामुळे मध्ये आठवडाभर पाहुण्यांना घर देऊन काही साध्य होत नाही.

तिसरा कामाचा, वर्षात ४० किंवा जास्त दिवस ब्रिटनमध्ये रोज ३ तासांपेक्षा जास्त काम केलंत तर. चौथा मागच्या वर्षांचा, म्हणजे आधीच्या २ टॅक्स वर्षांपैकी कुठल्याही एका वर्षात ९० पेक्षा जास्त दिवस तिथे काढले असतील तर. हा चौथा दुवा नुकत्याच गेलेल्या जवळपास प्रत्येकाला असतो आणि तुमच्या हातात काहीच नसतं, तो फक्त काळ गेल्यावर गळून पडतो.

पाचवा देशाचा दुवा, तो फक्त सोडून जाणाऱ्यांना लागतो. वर्षभरात ज्या देशात सगळ्यात जास्त मध्यरात्री काढल्या तो देश ब्रिटन असेल तर दुवा धरायचा. एका नव्या देशात स्थिरावलेल्याला याची भीती नाही, पण दोन दोन महिने वेगवेगळ्या देशांत फिरत लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी इथे थांबून मोजावं, कारण ब्रिटनमध्ये ६० दिवस आणि बाकी कुठेच ६० नाहीत अशी वेळ आली तर हा दुवा गुपचूप लागतो.

किती दुवे असतील तर किती दिवस चालतात?

मागच्या ३ वर्षांत कधी तरी रेसिडेंट असलेल्या माणसासाठी, म्हणजे सोडून जाणाऱ्यासाठी, मी हे असं लक्षात ठेवतो: चार किंवा पाच दुवे असतील तर जास्तीत जास्त १५ दिवस, तीन असतील तर ४५, दोन असतील तर ९०, एक असेल तर १२०, आणि एकही नसेल तर १८२. एवढ्यापर्यंत तुम्ही नॉन-रेसिडेंट, एक दिवस जास्त झाला की रेसिडेंट. मध्ये काही सूट नाही, अर्धवट रेसिडेंट असा प्रकार नाही.

आधीची तिन्ही वर्षं नॉन-रेसिडेंट असलेल्यांना नियम थोडा सैल आहे, पण तो तुम्हाला बाहेर ३ पूर्ण वर्षं काढल्यावर लागू होणार, त्यामुळे आत्ता त्यात डोकं घालू नका.

दिवस मोजायचा कसा? पोचलो तो दिवस की निघालो तो?

मध्यरात्री तुम्ही ब्रिटनमध्ये होतात का, एवढंच बघायचं. शुक्रवारी संध्याकाळी उतरलात आणि सोमवारी सकाळी गेलात तर शुक्रवार, शनिवार, रविवार असे ३ दिवस झाले. सकाळी ७ ला येऊन रात्री १० च्या विमानाने परत गेलात तर शून्य.

शून्य ऐकून लोकांचे डोळे चमकतात, म्हणून लगेच दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे त्या दिवशी ३ तासांपेक्षा जास्त काम केलंत तर मध्यरात्र नसली तरी तो कामाचा दिवस म्हणून मोजला जातोच. दुसरी म्हणजे सकाळी येऊन रात्री जाण्याची सवय लावून घेणाऱ्यांसाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे. मागच्या ३ वर्षांत कधी रेसिडेंट होतात, किमान ३ दुवे आहेत, आणि मध्यरात्र न काढलेल्या अशा फेऱ्यांचे दिवस ३० च्या वर गेले, तर ३० नंतरचा प्रत्येक दिवस पूर्ण दिवस म्हणून तुमच्या खात्यात लिहिला जातो.

फक्त विमान बदलायला एक रात्र थांबलात, दुसऱ्या दिवशी पुढे गेलात आणि मध्ये प्रवासाशी संबंध नसलेलं काहीच केलं नाहीत तर ती रात्र धरत नाहीत. पण त्या संध्याकाळी ऑफिसातल्या जुन्या सहकाऱ्याबरोबर मीटिंग केलीत की ती सूट गेली.

एक खरीखुरी केस आकड्यांसकट सांगा ना.

एक बाई मँचेस्टरहून बर्लिनला गेल्या अशी कल्पना करा (ओळख लपवायला दोन-तीन केसचे तुकडे जोडलेत). त्या १ एप्रिल २०२५ ला निघाल्या, बर्लिनमध्ये फ्लॅट भाड्याने घेतला, आणि स्वतंत्रपणे सल्लागार म्हणून आठवड्याला साधारण २० तास काम सुरू केलं. नवरा आणि १५ वर्षांचा मुलगा मँचेस्टरच्या घरातच राहिले कारण मुलाच्या परीक्षा होत्या, ते २०२६ च्या उन्हाळ्यात जाणार होते. बाई महिन्यातून एकदा लांबलेल्या वीकेंडला घरी यायच्या, शिवाय सुट्ट्या, असे २०२५-२६ मध्ये ८० दिवस झाले. त्यातले २५ दिवस जुन्या क्लायंटकडे बसून काम केलं. त्यांना खात्री होती की ८० म्हणजे १८३ च्या निम्म्याहूनही कमी, सगळं आलबेल.

आता पायऱ्या चढू. मागच्या ३ वर्षांत त्या रेसिडेंट होत्या, दिवस १६ पेक्षा कमी नाहीत, म्हणजे पहिली सुटका नाही. २० तासांचं काम फुल टाइम नाही, म्हणजे तीही सुटका नाही. दुसऱ्या पायरीवर १८३ झाले नाहीत, बर्लिनला घर आहे आणि त्या तिथेच राहतात, तर आपोआप रेसिडेंट पण नाहीत. मग दुवे मोजू. नवरा रेसिडेंट आहे, कुटुंबाचा दुवा लागला. घर वर्षभर उपलब्ध आणि रात्री काढल्या, जागेचा दुवा लागला. २०२४-२५ मध्ये ९० पेक्षा कितीतरी जास्त दिवस तिथेच होत्या, मागच्या वर्षांचा दुवा लागला. कामाचे २५ दिवस, ४० झाले नाहीत, तो दुवा नाही. सगळ्यात जास्त मध्यरात्री जर्मनीत, तोही नाही. एकूण तीन. तीन दुव्यांची मर्यादा ४५, बाईंचे दिवस ८०. रेसिडेंट.

म्हणजे बर्लिनमधली कमाईसुद्धा ब्रिटनच्या रिटर्नमध्ये दाखवायची.

फुल टाइम नोकरी असती तर काही वेगळं झालं असतं?

पूर्ण वेगळं झालं असतं, आणि मला वाटतं हीच या नियमातली सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट आहे. परदेशात सरासरी आठवड्याला ३५ तास किंवा जास्त काम, त्यात ३१ दिवस किंवा त्याहून मोठा खंड नाही (रजा आणि आजारपण वेगळं धरतात), ब्रिटनमध्ये एकूण दिवस ९१ पेक्षा कमी, आणि तिथे ३ तासांपेक्षा जास्त काम केलेले दिवस ३१ पेक्षा कमी. एवढं जमलं तर पहिल्या पायरीवरच नॉन-रेसिडेंट, दुवे मोजायची वेळच येत नाही.

या बाईंचे ८० दिवस आणि कामाचे २५ दिवस या मर्यादेत बसतात. नवरा तोच, घर तेच, मुलगा तोच, फक्त आठवड्याला २० ऐवजी ३५ तास काम असतं तर निकाल उलटा लागला असता. म्हणून फ्रीलान्स काम करणाऱ्यांना मी सांगतो की तासांची नोंद ठेवा, आठवड्यागणिक, त्याच दिवशी लिहिलेली. दोन वर्षांनी आठवून भरलेली शीट कुणी मानत नाही आणि मानायचं कारणही नाही.

पुढच्या वर्षी कुटुंब तिकडे गेलं की सुटले ना?

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. बाईंचा नवरा आणि मुलगा शाळा संपल्यावर २१ जुलै २०२६ ला निघणार, घर भाड्याने देणार. सहज वाटतं की २०२६-२७ मध्ये कुटुंबाचा दुवा नाही, जागेचा नाही.

पण दुवे वर्षभरासाठी बघतात. ६ एप्रिलपासून घर २१ जुलैपर्यंत उपलब्ध, म्हणजे सलग ९१ दिवस कधीच झाले (५ जुलैला ९१ पूर्ण होतात), आणि बाई मे महिन्यात तिथे राहून गेल्या. जागेचा दुवा लागला. नवऱ्याने ६ एप्रिलपासून १०६ रात्री ब्रिटनमध्ये काढल्या आणि निघेपर्यंत त्याचं एकमेव घर मँचेस्टरलाच होतं, म्हणजे दुसऱ्या पायरीवरच तो त्या वर्षी रेसिडेंट. म्हणून बाईंना कुटुंबाचा दुवा पण लागला. मागच्या वर्षांचा दुवा २०२४-२५ मुळे अजून आहेच. परत तीन! २०२६-२७ मध्येही त्यांना फक्त ४५ दिवस.

घर ४ जुलैपर्यंत रिकामं करून भाडेकरूच्या ताब्यात दिलं असतं तर ९० दिवसच उपलब्धता झाली असती आणि जागेचा दुवा टळला असता, मग दोन दुवे आणि ९० दिवस मिळाले असते. दोन आठवड्यांचा फरक आणि मर्यादा दुप्पट. शाळेचं वेळापत्रक बघता त्यांना ते जमलं नाही, पण निदान माहीत होतं म्हणून त्यांनी त्या वर्षी दिवस ४० वरच थांबवले.

२०२७-२८ ला मात्र चित्र बदलतं. कुटुंब बर्लिनमध्ये, घर भाड्याने, आणि मागच्या २ वर्षांत ८० आणि ४० दिवस, म्हणजे एकाही वर्षी ९० च्या वर नाहीत, तो दुवाही गळाला. शून्य दुवे. आता १८२ पर्यंत मोकळीक. म्हणजे जी मोकळीक पहिल्या दिवसापासून आहे असं त्यांना वाटत होतं ती तिसऱ्या वर्षी मिळाली.

मी वर्षाच्या मध्येच निघालो तर? अख्खं वर्ष रेसिडेंट का?

टेस्ट अख्ख्या वर्षासाठीच होते. पण रेसिडेंट ठरलात तरी काही ठरावीक परिस्थितीत वर्षाचे दोन भाग करता येतात, जाण्यापूर्वीचा रेसिडेंट भाग आणि नंतरचा परदेशी भाग. जाणाऱ्यासाठी तीन परिस्थिती आहेत: परदेशात फुल टाइम काम सुरू करणं, तसं काम करणाऱ्या जोडीदारासोबत राहायला जाणं, किंवा ब्रिटनमध्ये एकही घर न ठेवता कायमचं निघणं. प्रत्येकीच्या आपापल्या दिवसांच्या मर्यादा आहेत आणि त्या चांगल्याच कडक आहेत, शेवटच्या प्रकारात तर घर सोडल्यावर उरलेल्या वर्षात १६ पेक्षा कमीच दिवस चालतात.

आणि तिन्हींमध्ये पुढचं पूर्ण वर्ष तुम्ही नॉन-रेसिडेंट असावं लागतं. म्हणजे सप्टेंबरमध्ये गेलात, विभाजन धरून रिटर्न भरलं, आणि पुढच्या वर्षी दिवस ओलांडलेत तर आधीच्या वर्षाचं विभाजन पण जातं. एक चूक दोन वर्षांना लागते.

आजारपणामुळे अडकलो तर ते दिवस धरतात?

तुमच्या हाताबाहेरच्या अपवादात्मक कारणामुळे निघता आलं नाही आणि शक्य होताच निघायचा इरादा होता, तर ते दिवस वगळता येतात, पण वर्षात जास्तीत जास्त ६०. स्वतःला किंवा जवळच्याला अचानक झालेला गंभीर आजार, युद्ध, नैसर्गिक आपत्ती अशी उदाहरणं यात येतात. चुकलेलं विमान, बंद पडलेली गाडी, आधीपासून ठरलेलं ऑपरेशन, लग्नकार्य हे सहसा येत नाही.

एक केस इथे सांगण्यासारखी आहे. २०१५-१६ मध्ये आयर्लंडला राहायला गेलेल्या एका बाईंची मर्यादा ४५ होती आणि दिवस झाले ५०. व्यसनात अडकलेल्या जुळ्या बहिणीसाठी आणि तिच्या लहान मुलांसाठी यावं लागलं असं त्यांचं म्हणणं होतं. त्या ५ दिवसांवर सुमारे ८० लाख पौंडांच्या डिव्हिडंडचा टॅक्स अवलंबून होता. पहिल्या पायरीवर त्या जिंकल्या, वरच्या ट्रिब्युनलमध्ये हरल्या, आणि शेवटी २०२५ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने त्यांच्या बाजूने निकाल दिला. जिंकल्या हे खरं, पण ५ दिवसांसाठी किती वर्षं गेली बघा. म्हणून मी प्रत्येकाला मर्यादेच्या किमान ७-८ दिवस अलीकडे थांबायला सांगतो, ते दिवस अडीअडचणीसाठी शिल्लक ठेवा.

मी दोन्ही देशांत रेसिडेंट ठरलो तर दोनदा टॅक्स?

ठरू शकता, आणि बर्लिनच्या बाई ठरल्याच. जर्मनीत तर दिवस मोजण्याच्या आधी घर बघतात, तिथे स्वतःच्या वापरासाठी राहती जागा ठेवलेली असेल तर तेवढ्यावर रेसिडेन्सी लागू शकते. म्हणजे २०२५-२६ साठी ब्रिटन म्हणतो आमच्या, जर्मनी म्हणतो आमच्या.

अशा वेळी दोन देशांमधला करार उघडायचा. त्यात प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारतात आणि जिथे उत्तर मिळेल तिथे थांबायचं. कायमचं राहतं घर कुठे आहे? बाईंचं दोन्हीकडे. मग वैयक्तिक आणि आर्थिक नाती कुठे जास्त घट्ट आहेत? नवरा-मुलगा मँचेस्टरला, काम आणि बहुतेक क्लायंट बर्लिनला, यावर दोन्ही बाजूंनी भांडता येईल. तिथेही ठरलं नाही तर नेहमीचं राहणं कुठे? ८० दिवस एकीकडे आणि वर्षाचा बहुतेक भाग दुसरीकडे, म्हणजे जर्मनी. त्यावरही नाही ठरलं तर नागरिकत्व, आणि शेवटी दोन्ही देशांची टॅक्स खाती आपसात बोलून ठरवतात.

तुम्हाला ब्रिटिश कायद्याने रेसिडेंट ठरवून करारात जर्मनीच्या बाजूने निकाल लागला तरी ब्रिटनचं रिटर्न भरावंच लागतं, त्यासोबत रेसिडेन्सीची पुरवणी पानं SA109 जोडावी लागतात आणि करारानुसार सवलत मागावी लागते. सवलत आपोआप मिळत नाही. आणि दुसऱ्या प्रश्नावरच समोरच्याने म्हटलं की कुटुंब मँचेस्टरला आहे म्हणजे नातीही तिथेच, तर तो वाद तुम्हालाच लढायचाय. करार ही शेवटची जाळी आहे, तिच्यात पडायचंच अशी योजना करू नका.

इतर देशांत पण असंच असतं का?

विचार सारखा, मोजमाप वेगळं. अमेरिकेत नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले सोडून बाकीच्यांना दिवस मोजताना या वर्षाचे पूर्ण, मागच्या वर्षाचे एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचे एक षष्ठांश धरतात, आणि या वर्षी किमान ३१ दिवस असून बेरीज १८३ झाली की झालं. दरवर्षी १२० दिवस राहिलात तर १२० अधिक ४० अधिक २०, म्हणजे १८०, जेमतेम खाली. १२२ केले की १८३ भरतात. त्यामुळे एका देशाचा आकडा दुसऱ्या देशाला कधीच लावू नका.

पुरावा म्हणून काय ठेवू?

बोर्डिंग पास किंवा त्याचा स्क्रीनशॉट, तारखेसकट तिकिटं, आणि एक साधी वही किंवा शीट ज्यात प्रत्येक ब्रिटन भेटीची येण्याची-जाण्याची तारीख, रात्र कुठे काढली, आणि ३ तासांच्या वर काम केलं का एवढं लिहिलेलं. रात्र कुठे काढली हे लोक लिहीत नाहीत, आणि बहिणीकडे १५ रात्री झाल्या की १६ यावर जागेचा दुवा ठरतो तेव्हा आठवत बसतात. परदेशातला भाडेकरार, तिथली वीज-पाण्याची बिलं आणि तिथल्या टॅक्स खात्याकडून मिळणारं रेसिडेन्सी सर्टिफिकेट पण जपून ठेवा. निघताना रिटर्न भरायची गरज नसलेल्या नोकरदाराने P85 हा फॉर्म भरून कळवायचं, पण तो भरला म्हणजे तुम्ही नॉन-रेसिडेंट झालात असं मुळीच नाही, ते वरची टेस्टच ठरवते.

नॉन-रेसिडेंट असताना शेअर विकून परत आलो तर टॅक्स वाचतो?

थोड्याच काळासाठी बाहेर होतात तर नाही. जाण्याआधीच्या ७ टॅक्स वर्षांपैकी किमान ४ वर्षं तुम्ही रेसिडेंट होतात आणि ५ वर्षांत किंवा त्याआधीच परत आलात, तर जाण्यापूर्वी तुमच्याकडे असलेले शेअर बाहेर राहून विकल्याचा नफा परत आल्याच्या वर्षी ब्रिटनमध्ये मोजला जातो. ५ वर्षं म्हणजे ५ पेक्षा जास्त झाली पाहिजेत, बरोबर ५ ला परत आलात तरी अडकलात. परतीची तारीख ठरवताना हे आधी बघा आणि मगच सामान बांधा.

आणि ब्रिटनमधल्या घराचं भाडं? ते तुम्ही कुठेही रेसिडेंट असलात तरी ब्रिटनमध्ये टॅक्सेबल राहतं, तिथे या सगळ्या टेस्टचा उपयोग नाही.